मदत हवी आहे: ब्रिजचं गणित जुळतंय, पण आउटपुट वरच चिकटलंय

सातपूरकर: डिप्लोमाचा प्रोजेक्ट आहे. लोखंडी पट्टीवर 120 ओहमचा एकच स्ट्रेन गेज चिकटवलाय, गेज फॅक्टर 2. बाकी तीन हात म्हणजे एम. जी. रोडवरून आणलेले 120 ओहमचे 1 टक्केवाले रेझिस्टर. सप्लाय 5 व्होल्ट. 500 मायक्रोस्ट्रेनला गेज 0.12 ओहमने वाढतो. मी म्हणतो 1.25 मिलिव्होल्ट मिळतील, पार्टनर म्हणतो 5. मला 2.5 व्होल्ट हवेत. गेन 2000 ठेवला, तर वजन असो नसो, आउटपुट वरच चिकटलेलं.

कांदाभजी: पार्टनर बरोबर आहे. 0.12 भागिले 120, गुणिले 5. गेन 500 पुरे.

अंबडचा फिटर: भागाकार बरोबर, पण गेजच्या जोडीला खाली रेझिस्टर आहे ना! गेज 0.1 टक्का वाढला की मधला पॉइंट सप्लायच्या 0.1 टक्क्याने नाही, त्याच्या चौथ्या हिश्श्यानेच हलतो.

```
Vout = 5 × 0.12 / (4×120 + 2×0.12) = 1.249 mV
2.5 V / 1.25 mV = 2000
```

म्हणजे सातपूरकर, गेन बरोबर आहे. ॲम्प्लिफायर सोडव आणि वजन न लावता ब्रिजचं आउटपुट मीटरवर बघ.

द्राक्षबागवाला: एवढा खटाटोप कशाला? आमच्या क्रेटच्या काट्याला तयार लोड सेल आणि HX711 आहे, पहिल्याच दिवशी चाललं.

अंबडचा फिटर: दादा, तुमच्या सेलमध्ये चार गेज आहेत आणि ते कारखान्यातच जुळवून येतात. याचा एकच आहे.

सातपूरकर: वजन नसताना 7.3 मिलिव्होल्ट!

अंबडचा फिटर: मग सापडलं. हे 0.7 ओहमचं असंतुलन आहे. 1 टक्केवाले रेझिस्टर 1.2 ओहमपर्यंत चुकू शकतात. तुझा सिग्नल 1.25, त्याच्या जवळजवळ सहापट ही चूक. 2000 ने गुणलं तर 14.6 व्होल्ट, तेवढे 5 च्या सप्लायवर येणार कुठून? जो हात 0.7 ने जास्त आहे त्याला पॅरलल सुमारे 20.7 किलोओहम लाव: 15 किलोओहम आणि 10 किलोओहमचा प्रीसेट सिरीजमध्ये. कुठला हात ते कळत नसेल तर लावून बघ. चुकीचा असेल तर आकडा कमी व्हायच्या ऐवजी 14 च्या पुढे जाईल.

सातपूरकर: दुसऱ्या हाताला लावल्यावर 0.02 वर आलं. वजन ठेवलं की आउटपुट हलतंय! पण पंखा लावला की झिरो सरकतो. गेजच्या दोन वायरी 3-3 मीटरच्या आहेत.

अंबडचा फिटर: वायरीसुद्धा गेजच्याच हातात मोजल्या जातात, आणि तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो. तिसरी वायर घालून बघ. पण पंख्याचा वारा थेट गेजवर येत असेल तर तेवढ्याने भागेलच असं नाही. आधी गेज कापसाने झाक आणि फरक सांग.

कांदाभजी: चौथा हिस्सा विसरलो होतो, मान्य. पण सप्लाय 10 केला तर सिग्नल दुप्पट होईल ना?

अंबडचा फिटर: होईल, आणि गेजमधली उष्णता चौपट. झिरो आधीच सरकतोय त्याचा.