मदत हवी आहे: पीडीएफ फॉर्ममध्ये पुण्याचं नागपूर होऊन राहिलं

धंतोलीचा मामा: भाच्याचा फॉर्म भरून राहिलो, उद्या दुपारपर्यंत पाठवायचा आहे. शेवटच्या पानावर नागपूर टाकलं की पहिल्या पानावरचं पुणे जाऊन तिथेही नागपूर येते. वर पुणे केलं की खालीही पुणे. तीनदा नव्याने डाउनलोड केला. फाइलच खराब आहे काय? लवकर सांगा.

खडूस काका: कोणता फॉर्म? मोबाइल की लॅपटॉप? एवढं तरी लिहीत जा बाप्पा.

धंतोलीचा मामा: लॅपटॉप, अडोबी रीडर. फॉर्म जर्मन आहे, तिकडच्या विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीसाठी. दोन्ही चौकटींसमोर Ort लिहिलं आहे. ट्रान्सलेट केलं तर दोन्हीकडे ‘ठिकाण’ येते. भाचा पुण्यात शिकतो, सध्या घरी आला आहे.

संत्रा बर्फी: अख्खा पीडीएफच ट्रान्सलेटरला द्या ना, मराठीत होऊन येतो. त्यातच भरा, काम खतम.

खडूस काका: आणि ती मराठी प्रत जर्मनीत कोण वाचणार? शिवाय त्यात भरायच्या चौकटी राहत नाहीत, नुसता मजकूर उरतो. ती प्रत बाजूच्या खिडकीत उघडून ठेवा, भरा मात्र मूळ फॉर्मातच.

जुना टंकलेखक: फाइल धड आहे. पीडीएफमध्ये दिसणारं लेबल वेगळं आणि चौकटीचं आतलं नाव वेगळं असते. दोन चौकटींचं आतलं नाव एकच असलं की पीडीएफ त्यांना एकच चौकट समजतो. एकीत लिहिलेलं दुसरीत उमटतेच. ग्राहकाचं नाव प्रत्येक पानावर आपोआप यावं म्हणून लोक मुद्दाम असं करतात. इथे बनवणाऱ्याने पहिल्या पानावरची चौकट कॉपी करून खाली चिकटवली आणि नाव बदलायचं राहिलं असणार. खात्री करायची तर pdftk टाकून हे चालवा:

```
pdftk form.pdf dump_data_fields_utf8
```

पानावर दोन चौकटी असूनही यादीत `FieldName: Ort` एकदाच दिसलं, तर दुखणं हेच.

पहिल्या पानावर Straße, PLZ आणि Ort म्हणजे रस्ता, पिनकोड, गाव. तो पत्ता झाला. शेवटी ‘Ort, Datum’ म्हणजे सही कुठे आणि कधी केली ते. तिथली पूर्ण ओळ जशीच्या तशी टाका बरं.

मावशी_त्रिमूर्तीनगर: आमच्या सातबाऱ्याच्या पीडीएफमध्येही असंच झालं होतं, सगळे ठोकळे दिसायचे. फाँट टाकला अन् दुरुस्त झालं.

खडूस काका: मावशी, त्यांना अक्षरं दिसून राहिली.

सीए_खामला: सहीसाठी डीएससी वापरा. टोकन लावा, क्लिक करा. मी रोज करतो, छापायची भानगडच नाही.

धंतोलीचा मामा: ओळ अशी: Ort, Datum, eigenhändige Unterschrift

जुना टंकलेखक: मग दोन्ही प्रश्न सुटले. eigenhändig म्हणजे स्वहस्ते. सही पेनानेच हवी, तर ठिकाण-तारीखही पेनानेच टाका. वर पुणे भरा. खाली आपोआप उमटेल तेव्हा पुसू नका, पुसलं तर वरचंही जाईल. छापल्यावर खालच्या ‘पुणे’वर एक रेघ मारून शेजारी Nagpur आणि तारीख लिहा, खाली भाच्याची सही. तारीख बिंदूंनी, आधी दिवस मग महिना.

सीएसाहेब, आपली डीएससी इकडच्या फायलिंगला चालते. जर्मनीत हातच्या सहीची बरोबरी करायला युरोपीय नियमांत बसणारी क्वालिफाइड सही लागते, आपलं टोकन त्यात येत नाही.

सीए_खामला: माझ्या एका क्लायंटची चालली होती.

खडूस काका: कुठे, दुबईत?

संत्रा बर्फी: खाडाखोड दिसली तर फॉर्म परत नाही का करणार? त्यापेक्षा पहिल्या पानावर पुणे ठेवून ते पान छापा, मग नागपूर करून शेवटचं पान छापा.

जुना टंकलेखक: हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. कागदच पाठवायचा आहे तर अडचण नाही. वरचं पान छापल्यावर पुन्हा वाचून घ्या म्हणजे झालं.

धंतोलीचा मामा: तसंच करतो. आता पहिल्या चौकटीत Name आहे, तिथे पूर्ण नाव टाकलं.

संत्रा बर्फी: बरोबर, Name म्हणजे नावच.

जुना टंकलेखक: थांबा, छापू नका! जर्मन फॉर्मात Name समोर आडनाव आणि Vorname समोर स्वतःचं नाव. पूर्ण नाव टाकलं तर त्यांच्या यादीत ते आडनाव म्हणून चढेल. पासपोर्ट उघडा आणि त्यात जसं विभागलं आहे तसंच टाका.

धंतोलीचा मामा: पासपोर्टात आडनावाचा रकानाच रिकामा आहे. तिन्ही नावं एकाच ओळीत.

मावशी_त्रिमूर्तीनगर: माझ्या पुतण्याचंही तस्संच होतं!

खडूस काका: मग त्याने काय केलं?

मावशी_त्रिमूर्तीनगर: विचारून सांगते, तो ड्यूटीवर आहे.

जुना टंकलेखक: मावशींची वाट पाहू नका. वसतिगृहाला आत्ताच मेल टाका, पासपोर्टच्या पानाची प्रत जोडा आणि Name मध्ये काय लिहू ते विचारा. स्कॅन चालते की मूळ कागद टपालाने हवा, तेही त्याच मेलमध्ये विचारा. तिकडे ऑफिस आपल्या दुपारी उघडते, तोवर ते पान तेवढं छापू नका.

धंतोलीचा मामा: मेल टाकला. बर्डीवरचा झेरॉक्सवाला किती वाजेपर्यंत राहते?