मदत हवी आहे: चकचकीत फरशीवर आई दोनदा घसरली, न फोडता काय करता येईल?

परभणीला आमचं जुनं घर. बाथरूममध्ये दोन बाय दोनच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, पाणी बोअरचं, जड. आई दिवाळीपासून दोनदा घसरली, दुसऱ्यांदा मनगट मोडलं. शिवाय अंगणातून ओट्यावर यायला सहा फुटांचा उतार आहे, पॉलिश कोट्याचा. ओटा दीड फूट उंच. दुकानदार म्हणतो, एक केमिकल दोन्हीकडं मारा, काम झालं. खरंय का?

लातूरकर_७२: फोडाच. मॅट टाइल लावा, मॅट घसरत नाही.

साइटवाला: मॅट म्हणजे चमक नाही, एवढंच. ओल्यावर कित्येक मॅट टाइल्सही सरकतात. खोक्यावर पकडीची प्रतवारी आर ९, आर १०, आर ११ अशी लिहिलेली असते, पण तिची चाचणी तेलावर, बूट घालून केलेली. अनवाणी, साबणाच्या पाण्यासाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी असते. न्हाणीला निदान बी मागा.

पण आधी एक बघा. कोपऱ्यातली एक टाइल व्हिनेगर चोळून, घासून, धुऊन घ्या. मग तीवर आणि शेजारच्या न घासलेल्या टाइलवर साबणाचं पाणी टाका आणि भिंतीला धरून तळवा दाबून बघा. घासलेली पकड देत असेल तर दोष क्षार नि साबणाच्या थराचा. दोन्ही सारख्याच सरकल्या तर फरशीच गुळगुळीत. मग जुन्यावरच चिकटवणीनं छोट्या टाइल्स लावा. जेवढे सांधे जास्त तेवढी पकड. फक्त अर्धा-पाऊण इंच उंची वाढते, दार आत उघडत असेल तर अडकेल.

आणि दुकानदाराचं केमिकल ॲसिडचं असेल तर ते कोट्यावर नको, अगदी व्हिनेगरसुद्धा नको. तो चुनखडीचा दगड, डाग पडतात.

शेतकरी_सेलू: आमच्या गोठ्यात म्हशी घसरतात, त्याला काय करावं?

साइटवाला: दादा, तिथं काँक्रीटला खाचा. कोट्याच्या उतारालाही तेच: गवंड्याकडून टाकी मारून घ्या किंवा कटरनं चालायच्या दिशेला आडव्या खाचा पाडा. उताराला बाजूकडं थोडा ढाळ असू द्या, म्हणजे पाणी खाचांत न साचता निघून जाईल.

पण तुमचं खरं दुखणं दुसरंच आहे. दीड फूट चढायला सहा फूट म्हणजे १:४. नेहमीचा नियम १:१२, म्हणजे अठरा फूट लागतात. एवढ्या चढावर टाकी मारली तरी म्हातारं माणूस उतरताना तोल जाणारच.

लातूरकर_७२: काळ्या खरखरीत पट्ट्या चिकटवा की, आमच्या पायऱ्यांवर आहेत.

साइटवाला: सावलीत ठीक. तुमच्याकडं उन्हाळ्यात त्यांच्या कडा उचलतात, त्यात पाय अडकतो.

धागाकर्ता: टाइल घासली. पांढरा थर निघाला, आता पाय बऱ्यापैकी धरतोय, पण मनासारखा नाही. उतारासाठी सरळ अठरा फूट नाहीत, मध्ये फाटक येतं. वळवून घेतला तर वळणावर सपाट जागा किती सोडावी?