चालू फेलओव्हर हंगामाआधी मुद्दाम तोडून पाहावा का?

कापूसकाटा_राळेगाव: जिनिंगच्या ऑफिसात पोस्टग्रेसचा प्रायमरी आहे, वर्ध्याला स्टँडबाय. रेप्लिकेशन असिंक्रोनस. वर्ध्याची स्क्रिप्ट दर १० सेकंदांनी प्रायमरीला विचारते, तीनदा उत्तर नाही आलं की `pg_promote()` चालवते. मग दुसऱ्या केंद्राचा काटा वर्ध्याकडे वळतो. प्रायमरीवर `kill -9` करून पाहिलं, सगळं बरोबर झालं. आणखी तोडफोड करावी का? मॅनेजर म्हणतात, चालत्या बंडीचं चाक काहून काढता?

बोंडअळी७: मॅनेजरचं खरं आहे. एकदा पास झालं ना? गाड्यांची रांग लागल्यावर तुमचे प्रयोग कोण निस्तरणार?

वऱ्हाडी_डीबीए: पास झालं ते सर्व्हर मेल्यावर. प्रोसेस मारली की कर्नल कनेक्शन बंद करतं आणि समोरच्याला लगेच कळतं. आपल्याकडे सर्व्हरपेक्षा लाइन जास्त वेळा जाते, आणि तुमची स्क्रिप्ट "उत्तर नाही" म्हणजे "मेला" असं धरून चालते. म्हणून सर्व्हर चालू ठेवून मधली वाटच बंद करा. प्रायमरीवर, वर्ध्याचा पत्ता घालून:

```
iptables -I INPUT  -s 10.20.0.5 -j DROP
iptables -I OUTPUT -d 10.20.0.5 -j DROP
```

तुम्ही स्वतः वर्ध्याहून लॉगिन असाल तर तुमचीही वाट बंद होईल, तेव्हा राळेगावातच बसून करा. अर्ध्या मिनिटात वर्धा प्रायमरी होईल. जिनिंगचा काटा मात्र लोकल नेटवर्कवर आहे. त्याला काही कळणार नाही, तो जुन्या सर्व्हरवरच काटापट्ट्या फाडत राहील. तेव्हा दोन्हीकडे `select pg_is_in_recovery();` विचारा. दोन्ही `f` म्हणाले तर तुमच्याकडे दोन मालक आहेत.

सौर_इन्व्हर्टर: आमच्या दूध संकलन केंद्रावर हाच त्रास होता. बॅटरी मोठी घेतली, तेव्हापासून सर्व्हर बंदच पडला नाही.

वऱ्हाडी_डीबीए: दादा, इथे सर्व्हर बंद पडतच नाही, तोच तर घोळ आहे.

कोड_हिंगणघाट: सिंक्रोनस करा, विषय संपला. `synchronous_standby_names` मध्ये वर्ध्याचं नाव टाका, वर्ध्याच्या होकाराशिवाय पट्टीच निघणार नाही.

वऱ्हाडी_डीबीए: अर्धं बरोबर आहे. लाइन तुटली की प्रत्येक कमिट वाट पाहत थांबेल, म्हणजे सर्व्हर शेजारी धडधाकट असून काटा बंद. आणि ऑपरेटरनं वैतागून ती वाट पाहणं रद्द केलं, तर पोस्टग्रेस फक्त इशारा देतं. नोंद लोकल डिस्कवर आधीच पक्की झालेली असते.

कापूसकाटा_राळेगाव: रविवारी खरेदी बंद असताना डमी पट्ट्यांवर करून पाहिलं जी. दोन्हीकडे `f`. पण नंबर भिडले नाहीत. राळेगावची शेवटची पट्टी ४८२९ आणि वर्ध्याची पहिली ४८४२. म्हणजे नंतर दोन्ही याद्या जोडता येतील ना?

बोंडअळी७: बघा, नुकसान काहीच नाही.

वऱ्हाडी_डीबीए: थोडक्याच पट्ट्या काढल्या म्हणून वाचले. पोस्टग्रेस सिक्वेन्सचे ३२ आकडे लॉगमध्ये आगाऊ लिहून ठेवतं, म्हणून वर्धा त्या आगाऊ आकड्याच्या पुढून सुरू झाला. राळेगावनं ४८४१ ओलांडलं की ४८४२ नंबरच्या दोन पट्ट्या दोन शेतकऱ्यांच्या हातात असतील. भर हंगामात तेवढ्या गाड्यांना किती वेळ लागतो ते तुम्हीच सांगा. पुढच्या वेळी ३२ पेक्षा जास्त पट्ट्या काढा.

याहून वाईट पुढे आहे. लाइन आल्यावर जुना सर्व्हर स्टँडबाय करायला तुम्ही `pg_rewind` चालवाल. फाटा फुटल्यानंतरचं राळेगावचं सगळं ते पुसून टाकतं. शेतकऱ्याकडे कागद राहील, चुकाऱ्याच्या यादीत नाव नसेल. त्या नोंदी आधी बाहेर काढून ठेवा.

कोड_हिंगणघाट: मग पॅट्रोनी आणि तिसरा साक्षीदार नागपूरला ठेवा. बहुमतापासून तुटलेला प्रायमरी स्वतःच खाली उतरतो.

वऱ्हाडी_डीबीए: उतरतो, आणि काटा पुन्हा थांबतो. नोंदी वाचतात, रांग वाढते. माझं मत विचाराल तर अशा लाइनवर आपोआप फेलओव्हर नकोच. वर्ध्याहून फोन करावा, जुना सर्व्हर खरंच बंद आहे याची खात्री करावी, मगच प्रमोट.

कोड_हिंगणघाट: रात्री फोन कोण उचलणार? आणि लाइन गेली की बऱ्याचदा मोबाइलचा टॉवरही जातो. तुमचा फोनही त्याच वाटेवर आहे.

वऱ्हाडी_डीबीए: रात्री काटा चालत नाही. सकाळपर्यंत थांबलं तर बिघडत नाही.

कापूसकाटा_राळेगाव: चालते ताई. डिसेंबरात गाड्या रात्रभर उभ्या असतात, आम्ही काटा बारापर्यंत चालवतो. सध्या स्क्रिप्टमधलं `pg_promote()` काढून तिथं फक्त मेसेज ठेवला आहे. मॅनेजर आता विचारतात, मेसेज कोणाच्या फोनवर पाठवायचा.