मदत हवी आहे: इंटरनेट वारंवार बंद पडते, करारातील कलमांच्या आधारे तक्रारपत्र कसे लिहावे?

छपाईवाला
नमस्कार. सांगलीत माझे फ्लेक्स आणि डिजिटल छपाईचे दुकान आहे. गिऱ्हाइकांच्या डिझाइनच्या फाइल मेलने येतात आणि त्या इतक्या मोठ्या असतात की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम निभत नाही. म्हणून घरगुती जोडणी न घेता व्यावसायिक जोडणी घेतली आणि वर्षाचे पैसे आगाऊ भरले. महिन्याचा दर जीएसटी वगळून २५०० रुपये पडतो.

कराराच्या कलम ६.१ मध्ये महिन्याला किमान ९९.५ टक्के सेवेची हमी आहे. कलम ६.२ प्रमाणे सेवा ९९.५ च्या खाली गेल्यास बिलात ५ टक्के, ९९ च्या खाली १० टक्के आणि ९८ च्या खाली २० टक्के सूट मिळते. सप्टेंबरमध्ये सेवा चार वेळा बंद पडली: ८ तारखेला ५ तास ४० मिनिटे, १३ ला २ तास १० मिनिटे, १९ ला ९ तास ३० मिनिटे आणि २६ ला ३ तास २० मिनिटे. ऑगस्टमध्येही हीच तऱ्हा होती, पण तेव्हाच्या वेळा मी लिहून ठेवलेल्या नाहीत.

पत्राचा कच्चा मसुदा तयार आहे. त्यात हातची गेलेली कामे धरून ४० हजार रुपये भरपाई मागितली आहे. कलमांचा उल्लेख कुठे आणि कसा करावा, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

कृष्णाकाठ
पत्र लिहून वेळ घालवू नका. थेट ट्रायकडे तक्रार करा, नाहीतर ग्राहक आयोगात जा. ग्राहक आयोगात दूरसंचार सेवेविरुद्ध दावा चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे.

आडगावकर
आमच्या घरीही पाऊस पडला की नेट जाते. मी दोन सिमकार्डांचा राउटर घेतला आणि प्रश्न मिटला. तुम्हीही तेच करा.

छपाईवाला
आडगावकर, पर्यायी सोय मी करणारच आहे, पण पैसे मोजून घेतलेल्या हमीचे काय करायचे, हा माझा प्रश्न आहे.

तारजोड
मी बरीच वर्षे अशा जोडण्यांच्या देखभालीचे काम केले आहे, त्यामुळे पलीकडच्या बाजूला पत्र कसे वाचले जाते ते सांगतो.

आधी कृष्णाकाठ यांच्या मुद्द्याविषयी. २०२२ च्या निकालाचे त्यांनी बरोबर सांगितले आहे, पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी सेवादात्याच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो आणि तिथे समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे लागते. ग्राहक आयोगात दुकानदाराला पहिला प्रश्न हा येतो की सेवा व्यापारी हेतूने घेतली होती का. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवलेला व्यवसाय असेल तर कायद्यात अपवाद आहे, पण तो सिद्ध करावा लागतो.

आता हिशेब. सप्टेंबरचे ३० दिवस म्हणजे ७२० तास. ९९.५ टक्क्यांच्या हमीत महिन्याला ३ तास ३६ मिनिटांचा खंड बसतो. तुमची बेरीज २० तास ४० मिनिटे होते, म्हणजे उपलब्धता सुमारे ९७.१ टक्के, म्हणजे २० टक्के सूट, म्हणजे ५०० रुपये. रक्कम लहान आहे, पण हा आकडा त्यांच्याच कलमातून निघतो, म्हणून तो नाकारणे त्यांना अवघड जाते. ४० हजारांची मागणी पहिल्याच परिच्छेदात दिसली, तर तुमचे पत्र विधी विभागाकडे जाऊन पडेल. दायित्वाच्या कलमात 'व्यवसायाच्या नुकसानीची जबाबदारी नाही' असे वाक्य जवळपास नेहमीच असते. ते पाहा. त्याबरोबर कोणता वेळ मोजायचा नाही आणि सूट कधीपर्यंत मागायची, हेही पाहा.

छपाईवाला
पाहिले. कलम ६.४ प्रमाणे वेळ तक्रार नोंदवल्यापासून मोजतात आणि ग्राहकाकडील वीज जाणे व सेवादात्याच्या नियंत्रणाबाहेरील कारणे वगळतात. कलम ६.५ प्रमाणे सूट बिलाच्या तारखेपासून १५ दिवसांत लेखी मागायची आहे. दायित्वाचे वाक्य कलम ११ मध्ये आहे. कलम १४ म्हणते की सलग दोन महिने सेवा ९८ टक्क्यांच्या खाली राहिल्यास ग्राहक करार विनादंड संपवू शकतो आणि उरलेली आगाऊ रक्कम परत मिळते.

८ तारखेची तक्रार मी एक तास उशिरा नोंदवली आणि १३ ची नोंदवलीच नाही, कारण तंत्रज्ञ फोनवर 'येतोच' म्हणाला होता. १९ ला रस्त्याच्या खोदकामात केबल तुटल्याचे सांगतात. २६ ला तर तुमचीच वीज गेली असेल, असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात त्या वेळी छपाईयंत्र चालू होते, आणि भिंतीवरच्या डबीवरचा एलओएस दिवा लाल लुकलुकत होता. त्याचा फोटो माझ्याकडे आहे.

तारजोड
तो फोटो जोडाच, कारण डबीचीच वीज गेली असती तर एकही दिवा लागला नसता. लाल एलओएस म्हणजे डबीपर्यंत फायबरचा प्रकाश पोहोचत नाही. शिवाय वीज जाताना डबी बहुधा केंद्राकडे शेवटचा संदेश पाठवते आणि तिथल्या नोंदीत 'वीज गेली' आणि 'प्रकाश तुटला' हे वेगवेगळे उमटतात. ती नोंद मागा. ऑगस्टसाठी जोडणी केव्हा तुटली आणि केव्हा जुळली याची सर्व्हरवरची नोंदही मागा, कारण कलम १४ साठी तुम्हाला दुसरा महिना हवा आहे.

आणि त्यांच्या पद्धतीनेही मोजून दाखवा. १३ आणि १९ तारखा सोडल्या, ८ तारखेचा एक तास वजा केला, तरी फोटो असलेली २६ तारीख धरून ८ तास उरतात. म्हणजे ९८.९ टक्के. हमी तरीही मोडतेच आणि १० टक्के सूट लागू होते.

नोटरीकट्टा
खोदकाम 'नियंत्रणाबाहेरील कारण' ठरते याच्याशी मी सहमत नाही. केबल तुटणे त्यांच्या हातात नसेल, पण जोडायला साडेनऊ तास लावणे त्यांच्याच हातात होते.

तारजोड
तुमचा मुद्दा रास्त आहे, पण खोदकाम चालू असताना रात्री जोड मारताच येत नाही, असेही होते. ते त्यांना लेखी सांगू दे.

छपाईवाला
सर्वांचे आभार. सुधारित पत्र देत आहे:

*प्रति, नोडल अधिकारी, ग्राहक तक्रार विभाग.*
*विषय: कलम ६.१ चा भंग, कलम ६.२ खाली बिलात सूट आणि नोंदी मिळणेबाबत.*

*महोदय,*
*सप्टेंबर महिन्यात माझ्या दुकानातील सेवा सोबतच्या तक्त्याप्रमाणे एकूण २० तास ४० मिनिटे बंद होती. त्यामुळे उपलब्धता ९७.१ टक्के राहिली असून कलम ६.२ प्रमाणे मासिक शुल्काच्या २० टक्के, म्हणजे ५०० रुपये सूट देय आहे. कलम ६.४ प्रमाणे दि. ८ चा एक तास आणि दि. १३ व १९ चे खंड वगळले, तरी उपलब्धता ९८.९ टक्केच राहते आणि हमीचा भंग कायम राहतो.*

*दि. १९ चा खंड आपण वगळणार असाल, तर केबल तुटल्याची आणि जोडल्याची वेळ व दुरुस्तीस लागलेल्या विलंबाचे कारण लेखी कळवावे. दि. २६ रोजी दुकानात वीज होती. एलओएस दिव्याचा फोटो सोबत आहे. त्या दिवसाची केंद्रावरील नोंद आणि ऑगस्ट व सप्टेंबरमधील जोडणी तुटल्या-जुळल्याच्या नोंदी सात दिवसांत द्याव्यात. त्या नोंदींवरून कलम १४ लागू होत असल्यास करार संपवून उरलेली आगाऊ रक्कम परत घेण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे.*

*हे पत्र कलम ६.५ मधील १५ दिवसांच्या मुदतीत दिले आहे.*

नोटरीकट्टा
तक्रार क्रमांक तक्त्यात लिहा, आणि पत्र मेलने पाठवा तसेच पोचपावतीसह टपालानेही पाठवा. ४० हजारांचा हक्कही राखून ठेवला असता तर बरे झाले असते, असे मला अजूनही वाटते. कलम ११ एकतर्फी आहे आणि ते आव्हान देण्याजोगे आहे.

कृष्णाकाठ
नोंदी दिल्याच नाहीत तर?

तारजोड
तर त्याच पत्राच्या क्रमांकावर अपील करा आणि नोंदी मागूनही दिल्या नाहीत, हे अपिलातले पहिले वाक्य ठेवा.