'एक्सायटेड'ला जर्मनमध्ये 'आउफगेरेग्ट' चालेल का?

गवतीचहा: बी-१च्या उन्हाळी कोर्ससाठी मोटिवेशन लेटर मागितलंय. आधी इंग्रजीत लिहिलं, मग शब्दकोश घेऊन जर्मन केलं. "दोन वर्षं जर्मन शिकतेय आणि खूप एक्सायटेड आहे" याचं हे झालं: "इश हाबे फ्युर त्स्वाय यारे डॉइच श्टुडियर्ट उण्ड बिन झेर आउफगेरेग्ट." बरोबर आहे ना?

खारीबुंदी: शब्दकोशात एक्सायटेडला आउफगेरेग्टच आहे. बिनधास्त पाठवा.

सांजवारा: थांबा, पाठवू नका. आउफगेरेग्ट म्हणजे छातीत धडधडतंय असा. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण असतो तसा. उद्या वाढदिवस असलेलं पोरही आउफगेरेग्टच असतं, म्हणून शब्द वाईट नाही; पण अर्जात वाचणाऱ्याला वाटेल बाई घाबरल्यात. "इश फ्रॉये मिश आउफ डेन कुर्स" लिहा. त्यातला 'आउफ' सोडू नका, जे अजून व्हायचंय त्याचा आनंद त्यानं सांगतात. प्रवेश मिळाल्यावर आनंद कळवाल तेव्हा तिथे 'युबर' येईल.

आणि श्टुडियर्ट काढा. ते विद्यापीठातलं शिकणं. क्लासला जाऊन भाषा शिकतो ते 'लेर्नन'. शिवाय तुमच्या वाक्यावरून दोन वर्षं शिकून सोडून दिलंत असं वाटतं. शिकणं चालू असेल तर साधा वर्तमानकाळ: "इश लेर्ने झाइट त्स्वाय यारन डॉइच." मराठीत आपण "दोन वर्षांपासून शिकतेय" म्हणतो, अगदी तसंच. इंग्रजीला वळसा घालून गेलात म्हणून घसरलात.

खारीबुंदी: मग सरळ मराठीवरूनच करायचं की!

सांजवारा: काळापुरतं ठीक. मराठीवरून केलंत तर कुर्सच्या आधीचा 'डेन' हमखास गळेल, आपल्याकडे तसलं काही नाहीच.

रातराणी: माझी फजिती ऐका. नर्सिंगच्या अर्जात "इव्हेंच्युअली जर्मनीत काम करेन" याचं मी 'एव्हेंटुएल' केलं. मुलाखतीत बाईंनी विचारलं, "म्हणजे अजून नक्की नाही?" तो शब्द म्हणजे 'कदाचित'! हवं होतं 'श्पेटर', म्हणजे नंतर.

जुनाचष्मा: मोटिवेशन लेटरला मराठीत प्रेरणापत्र म्हणावं का?

सांजवारा: काका, प्रश्न तो नव्हता. पण प्रेरणापत्र म्हणजे कुणी मला प्रेरणा देतंय असं वाटतं. हेतुपत्र बरं.

जुनाचष्मा: हेतुपत्र कोर्टातलं वाटतं.

गवतीचहा: 'इश बिन गेश्पान्ट आउफ डेन कुर्स' असंही सापडलं.

सांजवारा: त्यात "बघू या काय निघतंय" अशी उत्सुकता आहे. मी अर्जात नाही लिहिणार.

रातराणी: मी लिहीन. एक्सायटेडच्या जवळ तेच जातं.

गवतीचहा: सध्या फ्रॉये ठेवते. शेवटी 'मिट फ्रॉइंडलिशन ग्र्युसन' आणि स्वल्पविराम, बरोबर?

सांजवारा: स्वल्पविराम नको. तो वरच्या 'झेर गेएर्टे डामन उण्ड हेरन'नंतर द्या.