भाऊबंदकी आणि मॅपवरचे स्टार: तुमचेही अनुभव लिहा

सिडकोकर: माझी सिडकोत मिसळ आणि चुलतभावाची इंदिरानगरला, रस्सा दोघांचाही आजीच्याच हातचा शिकलेला म्हणजे भांडण ठरलेलंच. गूगल मॅपवर माझे ४० रिव्ह्यू होते, रेटिंग ४.६. एका शनिवारी रात्रीतून ९ जणांनी एकेक स्टार टेकवला आणि सकाळी बघतो तर ३.९! रविवार म्हणजे आपल्याकडे मिसळीचा वार, डोकंच फिरलं. नवाच्या नऊ अकाउंटवर याआधी एकही रिव्ह्यू नाही, आणि एकाने लिहिलेलं 'पोहे बेकार'. मी पोहे ठेवतच नाही, दादा ठेवतो :)
फोन लावला. तो म्हणे, "तुझ्या चाळीसात सासरचे किती, ते मोज आधी." मोजले. अकरा निघाले.

रिव्ह्यूबाज: अहो रिपोर्ट मारायचा, एका दिवसात उडतात सगळे.

कॉलेजरोडवाला: उडत नाहीत हो, मी दुकानांची प्रोफाइल सांभाळतो. नुसता वाईट रिव्ह्यू गूगल काढत नाही, मालकाला झोंबला तरी. स्पर्धकाने किंवा घरच्यांनी लिहिलेला मात्र नियमात बसत नाही, पण ते त्यांना पटायला हवं. रिव्ह्यूशेजारच्या तीन टिंबांवरून रिपोर्ट करा, आणि खाली शांतपणे उत्तर लिहा, 'आमच्याकडे पोहे मिळत नाहीत', पुढचं गिऱ्हाईक ते वाचतं. सगळ्यात लवकर जातो तो लिहिणाऱ्याने स्वतः डिलीट केलेला. आणि 'पाच स्टार द्या, जादा पाव फ्री' हेही चालत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

नाशिकरोडची काकू: आमच्याकडे तर अ‍ॅपवाले कमिशन एवढं कापतात की वड्यामागे काही उरतच नाही, त्याचं काय करायचं?

सिडकोकर: काकू, तो वेगळा विषय, पण दुखणं खरंय. आमचं असं झालं की दोघं काकांच्या ओट्यावर बसलो, आपापल्या माणसांना तिथूनच फोन केले. त्याच्या पोरांनी ८ काढले, माझ्या सासरच्यांनी अकराही, मेव्हणा अजून बोलत नाही. आता ३० रिव्ह्यूंवर ४.३ आहे. ठरलंय असं की एकमेकांच्या पेजवर कुणीच काही लिहायचं नाही आणि फोटो आपल्याच भांड्यातला टाकायचा, कारण त्याने माझ्या तर्रीचा फोटो चार महिने वापरला होता.

रिव्ह्यूबाज: ३० कसे? चाळीसातले ११ गेले, २९ राहिले.

सिडकोकर: नववा कुणाचा ते सापडलंच नाही. दादा शपथ घेतो त्याचा नाही म्हणून. लिहिलंय 'रस्सा पाणचट'.

कॉलेजरोडवाला: मग तो खरा असेल.

सिडकोकर: त्या शनिवारी पोऱ्याने पाणी वाढवलं होतं खरं...