परदेशातल्या मंडळासाठी मुलांचं नाटक: निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी चालेल का?

गंगापूररोडकर (प्रश्न): बहीण न्यू जर्सीत असते. तिथल्या मंडळाच्या दिवाळीसाठी वीस मिनिटांचं नाटक मी नाशिकहून लिहून देणार आहे. मुलं बारा, वयं आठ ते चौदा, सगळी तिथेच जन्मलेली. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देतात, देवनागरी वाचता येत नाही. प्रत्येक वाक्य आधी मराठीत आणि लगेच इंग्रजीत लिहू, की निम्मंनिम्मं वाटू?

विंगेतून: दोन्ही नको. एकच गोष्ट दोनदा सांगितली की वीस मिनिटांत दहा मिनिटांचंच नाटक उरतं. शिवाय ज्यांना दोन्ही भाषा कळतात, आणि प्रेक्षकांत बहुतेक तेच असतात, त्यांना प्रत्येक विनोद शिळा होऊन मिळतो.

घरात जसं चालतं तसंच लिहा. आजी मराठीत बोलते, नातू इंग्रजीत उत्तर देतो. उत्तर असं ठेवा की त्यातून आजीचं वाक्य उमगलं पाहिजे. आजी म्हणते, "चकलीचा सोऱ्या कुठे ठेवलास रे?" नातू म्हणतो, "द चकली थिंग? आय यूज्ड इट फॉर प्ले-डो." मराठी न येणाऱ्या जावयालाही सोऱ्या काय ते कळलं, आणि भाषांतराची एक ओळसुद्धा लागली नाही.

एकूण शब्द बाराशे-तेराशेच्या पुढे नेऊ नका. येणं-जाणं, हशा आणि एखादं गाणं धरलं की वीस मिनिटं भरतात.

पंचवटीकर: मला हे पटत नाही. नाटक पूर्ण मराठीतच लिहा. हीच मुलं अथर्वशीर्ष घडाघडा म्हणतात, त्यातला शब्द न् शब्द त्यांना कुठे कळतो? पाठांतर होतं. वर्षातून एकदा स्टेजवर उभं राहायचं आणि तेही इंग्रजी बोलायला, मग मंडळ कशाला हवं?

विंगेतून: पाठांतर होतं, हे अगदी खरं. पण अथर्वशीर्षात समोरचा बोलेपर्यंत थांबायचं नसतं. एक अडखळला तरी बाकीचे पुढे नेतात. संवादात मात्र मूल समोरच्याच्या शेवटच्या शब्दाला कान लावून उभं असतं, आणि मराठीत तिथेच गोची होते, कारण क्रियापद शेवटी येतं. "डबा टेबलावर ठेवला आहे", "काका बाहेर गेले आहेत", "चिवडा संपला आहे". तिन्ही वाक्यांची शेपटी कानाला सारखीच. अर्थाकडे लक्ष नसलेलं मूल पहिल्याच "आहे"ला आत येतं आणि मधलं अख्खं पान गळतं. समोरच्या मुलाला इतकं मराठी येत नसतं की तो सावरून घेईल.

उपाय लिहितानाच करायचा. आपण घरात बोलतो तशी वाक्यं फिरवा: "ठेवलाय बघ टेबलावर, डबा!" "संपलाय सगळा, चिवडा!" आता "डबा" ऐकला की एक मूल निघतं, "चिवडा" ऐकला की दुसरं. संहितेत प्रत्येकाच्या वाक्याआधी हा शेवटचा शब्द ठळक छापा. आणि लहान मुलांच्या तोंडी एका दमात सात-आठ शब्दांहून मोठं मराठी वाक्य देऊ नका.

कॉलेजरोडची आजी: माझी नातवंडं जर्मनीत आहेत, त्यांना इंग्रजीही धड नाही, घरात जर्मनच चालतं. मी दरवर्षी इथून शिवलेली नऊवारी पाठवते. कपड्यांचं लिहिते. आठ-दहा वर्षांच्या मुली वाढतात, म्हणून कमरेला इलॅस्टिक आणि शिवणीत दोन इंच माया ठेवायला सांगा. मुलांना धोतर नेसवू नका, पायजमा द्या, पळताना सुटत नाही.

गंगापूररोडकर: आजी, मायेचं लक्षात ठेवतो. विंगेतून, एखादा प्रसंग मांडून दाखवाल का? विनोद मराठीतून निघावा, उच्चारांवरून नको.

विंगेतून: "परवा" घ्या. मराठीत तो मागचाही असतो आणि पुढचाही. कुठला ते क्रियापद सांगतं. स्टेजच्या कोपऱ्यात चादरीखाली फराळाचा खोका, प्रेक्षकांना दिसेल असा. आजी फोनवर म्हणते, "अगं, नाशिकचा खोका ना? आला की परवा!" नातीने शेवटचा शब्द तेवढा पकडला. ती भावंडांना सांगते, "इट्स कमिंग डे आफ्टर टुमॉरो! पार्टी इज टुनाइट!" मग मुलं स्वतः चकल्या करायला घेतात. पीठ उडतं, आणि त्यातलाच एक त्या खोक्यावर बसून पीठ मळतो. शेवटी मोठी बहीण सगळ्यांना थांबवते: "शी सेड आला! परवा गोज बोथ वेज!" चादर ओढली जाते. गोष्ट "आला" या एका शब्दावर उभी आहे, म्हणून इथे मराठी काढून टाकताच येत नाही. आणि "परवा" वाक्याच्या शेवटी आल्यामुळे नातीला बोलायची खूणही तोच शब्द देतो.

पंचवटीकर: प्रसंग चांगला आहे, कबूल. पण हसू शेवटी मुलीच्या कच्च्या मराठीवरच होणार. समोर दोनशे मोठी माणसं हसली की ती पोर पुढच्या वर्षी स्टेजवर येणार नाही.

विंगेतून: ही भीती रास्त आहे. म्हणून त्याच्या आधी आजीची चूक घाला. नातू म्हणतो, "आय ॲम डाउन फॉर चकली." आजीला "डाउन" तेवढंच कळतं. ती त्याच्या कपाळाला हात लावून बघते आणि हळदीचं दूध घेऊन येते. पुढे तो खोक्यावर पीठ मळतो तेव्हा कपाळावर आजीने बांधलेली ओली पट्टी तशीच आहे. दोन्हीकडून एकेक घोळ झाला की कुणी एकटं पडत नाही.

पंचवटीकर: तरी माझं मत राहतंच. आजीचं काम खऱ्या आजीला द्या, म्हणजे निदान एक आवाज तरी स्वच्छ मराठी राहील.

बाराखडी: खऱ्या आजीला माझा विरोध. मोठं माणूस आलं की मुलं तिच्याकडे बघून बोलतात, प्रेक्षकांकडे पाठ होते, आणि ओळ विसरली की ती पुटपुटून सांगते, तेही माइकमधून ऐकू जातं. चौदा वर्षांच्या मुलीला आजी करा.

मला लिपीचं सांगायचंय. संहिता रोमनमध्ये जाणार, म्हणजे "वात" आणि "वाट" सारखंच दिसणार, "काल" आणि "काळ"ही. दिवाळीच्या नाटकात मूल "वाट लाव" म्हणालं तर काय होईल विचार करा. ट, ड, ण, ळ यांच्यासाठी रोमन अक्षराखाली रेघ मारा आणि हा नियम पहिल्या पानावर उदाहरणासह द्या. "चहा" आणि "चमचा" यांतले च मात्र कुठल्याच खुणेने समजत नाहीत. त्यासाठी प्रत्येक मुलाच्या ओळी वेगळ्या रेकॉर्ड करून पाठवा, एकदा सावकाश, एकदा बोलण्याच्या वेगाने. "ळ" जमतच नसेल त्या मुलाच्या वाक्यातून तो शब्दच काढा. "फराळ"ला पर्याय नाही, पण "सगळे"ऐवजी "सर्व जण" चालतं.

गंगापूररोडकर: तालमी मी इथून घ्यायचं ठरतंय. त्यांचे रविवारी सकाळी दहा म्हणजे आपले संध्याकाळी साडेसात.

विंगेतून: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हापासून साडेआठ धरा. ऑनलाइन तालमीत फक्त दोघांचे संवाद घ्या. समूहाचं बोलणं आणि गाणं तिथेच कुणाच्या तरी घरी होऊ द्या. दोन आवाज एकत्र आले की एक कापला जातो आणि मुलं थांबून बोलायची सवय लावून घेतात. हॉलवर माइक किती आहेत तेही आजच विचारा. चार असतील तर एका वेळी चारच जण बोलतील असे प्रसंग बांधावे लागतील, आणि पीठ मळण्याचा प्रसंग मग बदलेल.

कॉलेजरोडची आजी: पीठ खरं वापरणार असाल तर स्टेजवर आधी जुनी चादर अंथरा. मुली अनवाणी असतील, पीठ सांडलं की पाय घसरतात.

पंचवटीकर: खोका "आला" ठेवा, पण चौदा वर्षांची आजी मला अजून पटलेली नाही.